औषधांच्या फ्रिजचा अलार्म वाजला, तर नॉबला हात लावू नका

आमच्याकडे दुरुस्ती आणि देखभालीचा करार असलेल्या ग्राहकांकडून एक प्रश्न सतत येतो. सर्व्हिसिंग झाल्यावर आमचा माणूस फ्रिजच्या तापमानाच्या नॉबवर सीलबंद पट्टी का लावून जातो? फ्रिज आमचा, औषधं आमची, मग सेटिंग बदलायला तुम्हाला फोन का करायचा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही एका खऱ्या घटनेवरून देतो, कारण त्या घटनेची दर पाच मिनिटांची नोंद लॉगरमध्ये आहे आणि ती आम्ही ओळ न् ओळ वाचली आहे. ग्राहकाचं नाव अर्थातच देत नाही.

काचेच्या दाराचा, चार कप्प्यांचा फ्रिज. आत एकूण ६१२ नग होते. वरच्या दोन कप्प्यांत इन्सुलिनचे २१४, खालच्या दोन कप्प्यांत इन्सुलिनचे २८६, ॲल्युमिनियमयुक्त लशींच्या ७२ कुप्या आणि पावडर स्वरूपातल्या लशीच्या ४० कुप्या. या सगळ्यांना लागतं २ ते ८ अंश. लॉगरचे दोन प्रोब होते, एक वरच्या कप्प्यात आणि एक खाली मागच्या भिंतीजवळ. दोन्ही प्रोब ग्लायकॉल भरलेल्या लहान बाटलीत बुडवलेले होते. उघडा प्रोब हवेचं तापमान सांगतो आणि दार उघडलं की लगेच उडी मारतो. बाटलीतला प्रोब सावकाश हलतो, म्हणून तो औषधाच्या कुपीच्या आत काय चाललंय त्याच्या जास्त जवळ असतो.

मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास मागच्या जाळीतला कंडेन्सरचा पंखा धुळीने अडकला. कॉम्प्रेसर तापून बंद पडायचा, थोडा थंड झाला की चालू व्हायचा, पुन्हा बंद पडायचा. त्यामुळे तापमान एकदम चढलं नाही, हळूहळू चढलं. वरच्या प्रोबने २ वाजून २० मिनिटांनी ८ अंश ओलांडले. फ्रिजच्या मूळ अलार्मला अर्ध्या तासाची सवलत लावलेली होती, म्हणून भोंगा २:५० ला वाजला. रखवालदाराने २:५८ ला भोंग्याचं बटण बंद केलं, दारावर लिहिलेल्या नंबरला फोन लावला, तो बंद होता, म्हणून वहीत वेळ लिहून ठेवली. त्याला नेमून दिलेलं काम त्याने केलं. दुसरा नंबर कुणी लिहूनच ठेवला नव्हता.

सकाळी ७:१० ला दुकानातला माणूस आला तेव्हा वरचा प्रोब १२.९ दाखवत होता. त्याने जाळी पाहिली, धूळ काढली, पंखा फिरू लागला, कॉम्प्रेसर नीट चालू झाला. इथपर्यंत सगळं उत्तम. मग त्याने तापमान लवकर खाली यावं म्हणून नॉब ३ वरून थेट ७ वर नेला आणि इतर कामांना लागला.

बहुतेक नुकसान या एका हालचालीने होतं. नॉब फ्रिजची ताकद वाढवत नाही. कॉम्प्रेसर कधी थांबायचा, एवढंच नॉब ठरवतो. आत १३ अंश असताना नॉब ३ वर असो की ७ वर, कॉम्प्रेसर तेव्हा पूर्ण क्षमतेनेच चाललेला असतो. १३ वरून ८ वर यायला दोन्ही सेटिंगला सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो त्यानंतर. ३ वर असता तर तो ५ अंशांच्या आसपास थांबला असता. ७ वर तो थांबतच नाही. वेग बदलणाऱ्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरलाही हे लागू आहे, कारण तापमान ठरलेल्या आकड्यापासून इतकं लांब असताना तोही पूर्ण जोरातच पळत असतो.

वरचा प्रोब १०:४० ला ८ च्या खाली आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण खालचा, भिंतीजवळचा प्रोब १२:१५ ला २ अंशांवर होता, १:३० ला शून्यावर आणि २:१० ला उणे ०.५ वर. भोंग्याचं बटण रात्रीपासून बंदच होतं, त्यामुळे थंडीचा अलार्म कुणाला ऐकू गेला नाही. दारावरच्या आकड्याचा सेन्सर वरच्या बाजूला, त्यामुळे खाली गोठायला लागलं तेव्हा दार २.३ दाखवत होतं आणि पाहणाऱ्याला ते ठीक वाटत होतं. ४:२० ला खाली उणे ३.१. पाचनंतर कुणीतरी खालचा खोका काढला तेव्हा त्यावर हिम दिसलं आणि नॉब मागे आला. खालचा कप्पा पुन्हा उणे ०.५ च्या वर यायला ५:५० वाजले, म्हणजे तो ३ तास ४० मिनिटं गोठणाच्या पट्ट्यात होता. वरच्या कप्प्याचं सगळ्यात कमी तापमान १.४ होतं. थोडं कमी, पण गोठण्याच्या खूप वर.

आता हिशोब पाहा. उष्णता चारही कप्प्यांनी सोसली होती, आठ तास वीस मिनिटं. वरच्या कप्प्यांतल्या २१४ नगांच्या नोंदी इन्सुलिन बनवणाऱ्या कंपनीला पाठवल्या आणि तिने लेखी कळवलं की माल वापरता येईल. यात नवल नाही. वापरात आलेलं इन्सुलिन साधारण चार आठवडे सामान्य तापमानाला ठेवता येतं, प्रत्येक उत्पादनाची मर्यादा त्याच्या पत्रकात लिहिलेली असते. खालचं २८६ नग इन्सुलिन मात्र काढून टाकावं लागलं. गोठलेलं इन्सुलिन परत वितळून स्वच्छ दिसलं तरी त्याच्या ताकदीची खात्री देता येत नाही आणि ते वापरायचं नसतं. ७२ लशीही गेल्या. ॲल्युमिनियमयुक्त लशीत औषधाचे कण ॲल्युमिनियमच्या क्षाराला चिकटलेले असतात. एकदा गोठलं की ते कण गुठळ्या होऊन बसतात आणि पुन्हा पूर्वीसारखे पसरत नाहीत. हिपॅटायटिस बी ची लस तर उणे ०.५ च्या आसपासच गोठते. ४० पावडर लशींना गोठण्याने काही झालं नाही. त्यांची भीती उष्णतेची होती आणि ती कंपनीने तपासून मंजूर केली. पण त्यांच्या सोबतच्या द्रावणाच्या ४० ॲम्प्यूल फेकाव्या लागल्या, कारण द्रावण गोठवायचं नसतं.

म्हणजे ६१२ पैकी ३५८ नग आणि ४० ॲम्प्यूल गेल्या. पंखा अडकला म्हणून यातला एकही नग गेला नाही. सगळे गेले ते तापमान लवकर उतरवण्याच्या घाईत. म्हणून आम्ही पट्टी लावतो.

काही ग्राहक सांगतात, "दिवसाची सरासरी तर ५ आली, मग काय बिघडलं?" या घटनेत दिवसभराची सरासरी काढली असती तर तीही बरीच समजूतदार आली असती. ती सरासरी कुणी वाचू नये, म्हणून आमच्या अहवालात आम्ही कमाल, किमान आणि प्रत्येक मर्यादेबाहेर गेलेला वेळ वेगवेगळा लिहितो.

तेव्हा अलार्म वाजला तर आधी दार बंदच ठेवा. बघण्यासाठी उघडलेलं दार तुमची थंडी घालवतं. लॉगरचा आकडा आणि वेळ लिहून घ्या. मग वीज आहे का, प्लग नीट बसला आहे का, मागची जाळी धुळीने भरली आहे का आणि पंखा फिरतोय का, एवढं बाहेरूनच पाहा. जाळी साफ करायची असेल तर आधी प्लग काढा. साफ करून पंखा फिरू लागला तर पुन्हा प्लग लावा आणि वाट पाहा. नॉब जिथे आहे तिथेच राहू द्या. वाट पाहणं अवघड जातं हे आम्हाला माहीत आहे, पण त्या काही तासांत करण्यासारखं दुसरं काही नसतं. भोंगा बंद केला असेल तर त्या खोलीतून निघण्याआधी पुन्हा चालू करा. वरच्या घटनेत भोंगा चालू असता तर थंडीची सूचना दुपारीच मिळाली असती.

तापमान उतरतच नसेल तर माल दुसऱ्या चालू फ्रिजमध्ये हलवा. पेटीत हलवायचा असेल तर फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक थेट खोक्यांना टेकवू नका. पॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच पेटीत घाला आणि मध्ये पुठ्ठा ठेवा. नाहीतर पेटीतही तेच गोठणं होतं.

ज्या मालाबद्दल शंका आहे तो लगेच फेकू नका आणि टेबलावरही सोडू नका. "वापरू नये" असं लिहून तो २ ते ८ मध्येच वेगळा ठेवा आणि कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत हात लावू नका. लशींसाठी हलवून पाहण्याची चाचणी आहे. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची आणि संशयित कुपीसोबत हलवून ठेवायची. संशयित कुपीतही तितक्याच पटकन गाळ बसला तर ती गोठलेली होती. ही चाचणी फक्त ॲल्युमिनियमयुक्त लशींसाठी आहे. इन्सुलिनवर ती चालत नाही, आणि इन्सुलिन डोळ्यांनी पाहून पास करणारे आम्हाला दर काही महिन्यांनी भेटतात, म्हणून हे पुन्हा सांगतो.

"एकच प्रोब पुरत नाही का?" असंही विचारलं जातं. वरच्या घटनेत एकच प्रोब असता आणि तो वर असता, तर १.४ पाहून ते ३५८ नग पुढे रुग्णांपर्यंत गेले असते. म्हणून चार कप्प्यांच्या फ्रिजला आम्ही दोन प्रोब सुचवतो, आणि दुसरा प्रोब नेहमी खाली, मागच्या भिंतीजवळ बसवतो. आमचा अलार्म पूर्ण बंद करता येत नाही. बटण दाबलं की तो तीस मिनिटं गप्प बसतो आणि तापमान मर्यादेबाहेरच असेल तर पुन्हा वाजतो. फोनसाठी तीन नंबर लागतात, पहिला उचलला नाही तर दुसऱ्याला जातो. हा अलार्म तुमच्या सध्याच्या फ्रिजवरही बसतो, नवा फ्रिज घ्यायची गरज नाही.

करार असलेल्या ग्राहकांनी मागची जाळी दर महिन्याला कोरड्या ब्रशने झटकावी. आमची भेट तीन महिन्यांनी असते आणि मधल्या काळात धूळ थांबत नाही. सेटिंग खरंच बदलायचं असेल, नवीन माल वेगळ्या तापमानाचा आला असेल, तर फोन करा. आमचा माणूस येऊन दोन्ही प्रोब एक दिवस पाहतो, मग नॉब बदलतो आणि नवी पट्टी लावतो. कराराखाली त्याचं वेगळं बिल नाही. पट्टी आधीच फाटलेली असेल तर तेही आम्हाला कळवा, त्या दिवसापासूनच्या नोंदी आम्ही एकदा तपासून देऊ.