धंद्याचा तोटा पुढच्या वर्षी ओढायचाय? आधी रिटर्नची तारीख बघा

धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. तो हक्क कशामुळे जातो, हे मात्र नोटीस आल्यावर कळतं.

समजा, एका बाईंच्या कपड्यांच्या दुकानाला 2023-24 मध्ये घसारा न धरता 5,00,000 रुपये तोटा झाला. त्याच वर्षी नोकरीचा पगार 3,00,000, घरभाड्याचं करपात्र उत्पन्न 1,20,000 आणि मुदत ठेवीचं व्याज 80,000 होतं. भाडं आणि व्याज मिळून 2,00,000 तोट्यातून वळते होतात. पगाराला मात्र हा तोटा लागत नाही, त्यामुळे पगार तसाच करपात्र राहतो. उरलेले 3,00,000 पुढे ओढता येतात, पण फक्त धंद्याच्या उत्पन्नासमोर. पुढच्या वर्षी दुकानाला 90,000 नफा झाला तर तो शून्य होतो आणि 2,10,000 शिल्लक राहतात. त्या वर्षीच्या व्याजावर कर लागतोच. नफा करपात्र मर्यादेच्या खाली असला तरी तोटा आधी त्यातूनच वजा होतो, चांगल्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही. हा तोटा 2031-32 पर्यंत, म्हणजे आठ वर्षं चालतो.

आता अडचणीची जागा. तोट्याच्या वर्षाचं रिटर्न मुदतीत हवं. वरच्या उदाहरणात, ऑडिट लागू नसल्यामुळे, ती 31 जुलै 2024 होती. दंड भरून डिसेंबरपर्यंत उशिरा रिटर्न भरता येतं, म्हणून लोक निवांत राहतात. उशिराच्या रिटर्नमध्ये त्याच वर्षीचे 2,00,000 वळते होतात, पण पुढचे 3,00,000 जातात.

त्याहून वाईट चूक पडताळणीची. बाईंनी 28 जुलैला रिटर्न अपलोड केलं आणि आधार ओटीपीने पडताळणी 10 सप्टेंबरला केली, तर 30 दिवस उलटल्यामुळे भरण्याची तारीख 10 सप्टेंबर धरली जाते. वेळेत भरलेलं रिटर्न असं उशिराचं ठरतं. कृपा करून अपलोड केल्या केल्या पडताळणी करा.

फॉर्म आयटीआर-3 हवा. उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरणाऱ्या आयटीआर-4 मध्ये तोटा पुढे नेताच येत नाही. भरताना 'Schedule CFL' उघडून उरलेली रक्कम तिथे आली आहे का, हे डोळ्यांनी बघा.

न वजावलेल्या घसाऱ्याला मुदतीची अट नाही आणि आठ वर्षांची मर्यादाही नाही, म्हणून तो आकडा वेगळा दाखवा. मुदत चुकलीच असेल, तर उशीर माफ करण्याचा अर्ज करनिर्धारण वर्ष, म्हणजे तोट्याच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष, संपल्यापासून पाच वर्षांत करता येतो. एक कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्राप्तिकर आयुक्त किंवा प्रधान आयुक्त घेतात. रुग्णालयाचे कागद, मृत्यूचा दाखला, असा उशिराच्या कारणाचा लेखी पुरावा लागतो. "सीएकडून राहिलं" एवढं लिहून भागेल, असं धरून चालू नका.