जलबंद छाती-निचरा

फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा छातीला मार लागल्यावर फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा किंवा रक्त साठते. ते नळीवाटे बाहेर काढायचे आणि बाहेरची हवा मात्र आत येऊ द्यायची नाही, यासाठीची रचना म्हणजे जलबंद छाती-निचरा. वॉर्डात याला ‘आयसीडी’ म्हणतात. नातेवाइकांच्या तोंडी ती नुसती ‘छातीची नळी’ आणि ‘बाटली’ असते. हॅम्बुर्गचे वैद्य गॉटहार्ड ब्यूलाउ यांनी 1870 च्या दशकात छातीतला पू काढण्यासाठी ही पद्धत वापरली आणि 1891 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. बाटलीची जागा पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकच्या तयार संचाने घेतली असली, तरी आतले तत्त्व तेच आहे.

छातीतली नळी बहुधा काखेखाली, चौथ्या किंवा पाचव्या बरगडीखालच्या फटीतून आत घालतात. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या निर्जंतुक पाण्यात सुमारे 2 सेंमी बुडालेले असते. रुग्ण श्वास सोडतो किंवा खोकतो तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि हवा तेवढे पाणी सारून बाहेर पडते. श्वास घेताना छातीत ओढ निर्माण होते, पण नळीचे तोंड पाण्याखाली असल्याने हवेऐवजी पाणीच नळीत थोडे वर चढते. बाटलीला दुसरी, आखूड नळी असते आणि ती हवेसाठी उघडी ठेवावी लागते. ती बुजली तर बाटलीत दाब साठतो आणि छातीतली हवा आतच कोंडते. बाटली छातीच्या पातळीपेक्षा खूप खाली, साधारण 1 मीटरवर, ठेवतात. ती उचलून पलंगावर ठेवली तर पाणी उलट छातीत जाऊ शकते.

एकाच बाटलीच्या पद्धतीत एक अडचण नकळत वाढत जाते. त्याच बाटलीत रक्तही जमत असल्याने नळीचे टोक अधिकाधिक खोल बुडते. 2 सेंमीचे 12 सेंमी झाले की हवेला बाहेर पडायला तितका जास्त दाब लागतो. म्हणून किती जमले याची नोंद करून बाटली वेळेवर बदलतात, किंवा द्रव वेगळ्या बाटलीत गोळा करतात.

बाटलीकडे पाहताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. बुडबुडे सांगतात की हवा येते आहे का. नळीतल्या पाण्याचा वर-खाली हेलकावा सांगतो की छातीपासून बाटलीपर्यंतची वाट मोकळी आहे का. वॉर्डातल्या बहुतेक चुका हे दोन प्रश्न एकच समजल्याने होतात.

फक्त खोकल्यावर येणारे चार-दोन बुडबुडे लहान गळतीचे असतात. प्रत्येक उच्छ्वासाला येणारे त्याहून मोठ्या गळतीचे, आणि अखंड येणारे एक तर फुप्फुसातल्या मोठ्या छिद्राचे किंवा नळी-जोडातल्या फटीचे. तीन कप्प्यांच्या संचात मात्र शोषणाच्या, म्हणजे यंत्राने हवा ओढून घेण्याच्या, कप्प्यातली संथ, सततची खळखळ ठरलेलीच असते. नातेवाईक तिला घाबरतात. पाहायचा तो जलबंदाचा कप्पा, म्हणजे छातीतली हवा जिथल्या पाण्यातून बाहेर पडते तो.

हेलकावा श्वास घेताना वर आणि सोडताना खाली जातो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात हे उलटे होते, कारण यंत्र हवा दाबाने आत ढकलते. हेलकावा थांबण्याची कारणे तीन: फुप्फुस पूर्ण फुलले आहे, नळी बुजली किंवा दुमडली आहे, किंवा शोषण चालू आहे. शोषणामुळे थांबला असेल तर शोषणाची नळी काढून पाहावे. यंत्र बंद करून नळी तशीच जोडलेली ठेवू नये, कारण त्याने हवेची वाट अडते.

एक कल्पित रुग्ण पाहू. उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढलेला आहे. पहिल्या दिवशी हेलकावा सुमारे 6 सेंमी आणि बुडबुडे खोकल्यावरच. दुसऱ्या दिवशी सौम्य शोषण लावले आणि बुडबुडे अखंड सुरू झाले. सिस्टरने छातीजवळ नळी क्षणभर चिमटली, तरी बुडबुडे चालूच राहिले. म्हणजे गळती छातीत नव्हे, चिमट्याच्या पुढे होती. चिमटा बाटलीच्या दिशेने सरकवत गेल्यावर तो जोडाच्या पुढे गेला आणि बुडबुडे थांबले. सैल झालेला जोड घट्ट करून पट्टी मारली. छातीजवळ चिमटताच बुडबुडे थांबले असते, तर फुप्फुस किंवा त्वचेजवळची जागा तपासावी लागली असती. नळीचे बाजूचे भोक सरकून कातडीबाहेर आले तरी असेच होते. ही चाचणी शोषण चालू असतानाच अर्थपूर्ण ठरते. शोषण नसेल तर चिमट्याने श्वासाचा जोरच तुटतो आणि फट कुठेही असो, बुडबुडे थांबतात.

तिसऱ्या दिवशी शोषण काढले होते. पहाटे बुडबुडेही नव्हते, हेलकावाही नव्हता. रात्रपाळीच्या नोंदीत ‘गळती थांबली’ असे लिहिले गेले, पण रुग्णाला धाप लागत होती आणि मानेजवळची कातडी दाबली की कुरकुर वाजत होती. ती कातडीखाली शिरलेली हवा. नळी त्याच्या अंगाखाली दुमडली होती. ती सरळ करताच 150 मिलि काळपट रक्त आले, मग हेलकावा परतला, त्यामागून बुडबुडे. वाट बंद असताना बुडबुडे नसणे काहीच सिद्ध करत नाही. पलंगाच्या कडेला लोंबणारा नळीचा वेटोळा द्रवाने भरला तरी अशीच अडचण होते.

पाचव्या दिवशी खोकूनही बुडबुडे आले नाहीत, हेलकावा जेमतेम 2 सेंमी होता, द्रव दिवसाला 120 मिलिवर आला होता आणि एक्स-रेत फुप्फुस फुललेले दिसले. नळी काढली. किती द्रवापर्यंत नळी काढावी याबाबत शल्यचिकित्सकांचे आकडे वेगवेगळे आहेत. फुप्फुसाचा खंड काढल्यावर 5 दिवसांपलीकडे टिकणारी गळती मात्र लांबलेली मानतात.

बुडबुडे येत असलेली नळी, रुग्णाला एक्स-रेला नेतानासुद्धा, चिमटून ठेवू नये. हवा आत साठत जाते, हृदय दुसऱ्या बाजूला ढकलले जाते आणि काही मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो. बाटली फुटली तर नळीचे टोक लगेच स्वच्छ पाण्याच्या भांड्यात काही सेंमी बुडवावे. जोड निखळला तर टोक पुसून पुन्हा जोडावा आणि रुग्णाला खोकायला सांगावे. नळीच छातीतून निघून आली तर जागेवर गॉज दाबून डॉक्टरांना बोलवावे. त्यातून हवा येत असेल तर गॉज तीन बाजूंनीच चिकटवून चौथी मोकळी सोडतात.

मार लागलेल्या रुग्णात बुडबुड्यांइतकाच द्रवही पाहावा लागतो. नळी घालताच सुमारे दीड लिटर रक्त आले, किंवा दोन ते चार तास दर तासाला 200 मिलि येत राहिले, तर छाती उघडण्याचा विचार करतात. याउलट जुना, साठलेला द्रव एका दमात काढणे धोक्याचे असते. बऱ्याच दिवसांनी एकाएकी फुलणाऱ्या फुप्फुसाला सूज येते, म्हणून एक ते दीड लिटर निघाल्यावर थोडा वेळ थांबतात, आणि रुग्ण जोराने खोकू लागला किंवा छातीत दुखते म्हणाला तर त्याआधीच.