झिजलेले सॉकेट की सुटलेले सॉकेट? केबल वाकडी धरली तरच चार्ज होणाऱ्या हेडफोनचे निदान

वायरलेस हेडफोनला चार्जिंगची केबल लावली की दिवा लागत नाही, केबल थोडी वर उचलून किंवा एका बाजूला दाबून धरली की लागतो आणि हात सोडला की पुन्हा विझतो. दुकानात हे सांगितले की बहुतेक वेळा ‘जॅक गेला, बदलावा लागेल’ असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात या एकाच लक्षणामागे दोन वेगळे बिघाड असू शकतात. पहिल्यात सॉकेटच्या आतील धातूच्या पट्ट्या झिजलेल्या किंवा मळलेल्या असतात, त्यामुळे केबलची पिन आणि सॉकेट यांचा स्पर्श नीट होत नाही. दुसऱ्यात सॉकेट आतून ठणठणीत असते, पण ते ज्या सोल्डरने बोर्डाला जोडलेले असते त्याला तडा गेलेला असतो. पहिल्या बिघाडात सॉकेट बदलावे लागते, तर दुसऱ्यात पुष्कळदा जुन्याच सॉकेटला पुन्हा सोल्डर मारून काम भागते. त्यामुळे हेडफोन दुरुस्तीला देण्यापूर्वी आपला बिघाड कोणता, हे जाणून घेणे फायद्याचे ठरते.

माझ्या मते ‘सॉकेट झिजले’ हे निदान गरजेपेक्षा जास्त वेळा केले जाते. मायक्रो यूएसबीची रचना करताना स्प्रिंगसारख्या लवचीक पट्ट्या मुद्दामच केबलच्या पिनमध्ये ठेवल्या गेल्या. झीज व्हायचीच असेल तर ती स्वस्तात बदलता येणाऱ्या केबलची व्हावी, असा त्यामागचा हिशेब आहे. टाइप-सीमध्येही हेच तत्त्व पाळलेले आहे. दोन्ही प्रकारांत पिन सुमारे 10,000 वेळा आत-बाहेर करता यावी, अशी अपेक्षा असते. दिवसातून एकदा चार्ज करणाऱ्या माणसाच्या हातून हा आकडा गाठला जाणे अवघड आहे. अर्थात स्वस्त सॉकेटवरचा मुलामा लवकर उडतो, आणि घाम आत गेला तर पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो, त्यामुळे झीज होतच नाही असे म्हणता येणार नाही. मात्र पहिला संशय केबलवर घ्यावा आणि चांगल्या अवस्थेतील दुसरी केबल लावून पाहावी. दुसरा संशय कचऱ्यावर घ्यावा. हेडफोन पिशवीत टाकण्याची सवय असेल तर सॉकेटच्या तळाशी कापसासारखे तंतू दाबून बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही. पिनच्या प्लास्टिकची कड आणि हेडफोनचे कवच यांच्यामध्ये नेहमीपेक्षा जास्त फट दिसली, तर हेडफोन बंद करून लाकडी टूथपिक अगदी चपटी तासावी आणि तिने तो कचरा हळूच उकरून काढावा. यासाठी सुई वापरू नये, कारण सॉकेटच्या मधली पातळ जीभ आणि तिच्यावरच्या पट्ट्या तिने सहज खरवडल्या जातात.

हे दोन्ही संशय फिटले की टॉर्चचा उजेड सॉकेटवर टाकावा, पिन लावून ती अगदी हलक्या हाताने डोलवावी आणि नेमके काय हलते ते पाहावे. सॉकेटचे धातूचे कडे जागेवर स्थिर असेल आणि त्याच्या आत फक्त पिन डगमगत असेल, तर दोष बहुधा स्पर्शाचा असतो. कडेच कवचाच्या भोकात खालीवर होत असेल, तर सोल्डर सुटले आहे असे समजायला हरकत नाही. टाइप-सी असेल तर आणखी एक खूण मिळते. दोन्ही टोके टाइप-सी असलेली केबल आणि तसाच चार्जर वापरून पाहावा. पिन एका बाजूने लावल्यावर चार्जिंग व्यवस्थित होत असेल आणि उलटी करून लावल्यावर अजिबात होत नसेल, तर पिनची बाजू ओळखणाऱ्या दोन संपर्कांपैकी एक निकामी झाला आहे. मात्र ही खूण केवळ बिघाड एका संपर्कापुरता आहे एवढेच सांगते. तो संपर्क झिजला आहे की त्याचे सोल्डर सुटले आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

खात्रीचे उत्तर कवच उघडल्यावरच मिळते. वॉरंटी शिल्लक असेल तर कवचाला हात लावू नये. नसेल, तर मोठ्या हेडफोनची कानावरची गादी काढली की तिच्याखाली सहसा स्क्रू असतात. कवच सावकाश उचलावे, कारण स्पीकरच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि जवळच लिथियमची मऊ पाकिटासारखी बॅटरी असते. तिला टोकदार हत्यार लागता कामा नये.

एक उदाहरण घेऊ. मायक्रो यूएसबीचा मोठा हेडफोन आहे, केबल वर उचलून धरली की चार्ज होतो, दुसरी केबल लावूनही फरक पडत नाही आणि सॉकेटचे कडे बाहेरून हलताना दिसत नाही. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवावा आणि बॅटरीची काळी तार बोर्डाला जिथे जोडलेली आहे तिथे काळी प्रोब लावावी. सॉकेटच्या मागे पाच बारीक पाय असतात. त्यांपैकी एका टोकाच्या पायावर 5 व्होल्ट येतात आणि दुसऱ्या टोकाचा पाय ग्राउंडचा, म्हणजे वीज परत जाण्याचा असतो. लाल प्रोब आधी 5 व्होल्टच्या पायावर आणि मग त्याच मार्गावरच्या पुढच्या कपॅसिटरवर ठेवून दोन्ही वेळा केबल हलवावी. पायावर 5 व्होल्ट स्थिर राहिले आणि कपॅसिटरवर मात्र केबल सोडताच शून्य झाले, तर पायाचे सोल्डर तडकले आहे हे सिद्ध होते. दोन्हीकडे एकाच वेळी शून्य येत असेल, तर काळी प्रोब ग्राउंडच्या पायावर आणि लाल प्रोब 5 व्होल्टच्या पायावर ठेवावी. आता केबल हलवूनही 5 व्होल्ट टिकले, तर ग्राउंडचा पाय सुटला आहे, आणि तरीही वीज जात-येत राहिली, तर दोष सॉकेटच्या आत आहे. ही चाचणी करताना एक बारकावा सांभाळावा लागतो. प्रोब जोराने दाबली तर सुटलेला पायही बोर्डाला टेकतो आणि सगळे सुरळीत असल्याचा भास होतो, म्हणून प्रोबचे टोक पायाच्या वरच्या अंगाला नुसते टेकवावे. भिंगातून पाहिल्यास अशा पायाभोवती पुष्कळदा केसाएवढी काळी रेघ दिसते.

समजा, आपल्या उदाहरणात वीज पायापर्यंत येते, पण पुढे जात नाही, असे आढळले. अशा वेळी बॅटरी सोडवून ठेवावी, पायांवर सोल्डर नीट पसरू देणारा फ्लक्स लावावा आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने प्रत्येक पायाला थोडे नवे सोल्डर द्यावे. त्याबरोबर सॉकेटच्या कड्याचे पायही पक्के करणे महत्त्वाचे आहे, कारण केबलचा ताण खरे तर तेच झेलतात आणि ते ढिले राहिले तर नवे सोल्डरही काही दिवसांत तडकते. सोल्डरिंग आयर्न एका जागी फार वेळ टेकवले तर सॉकेटमधले प्लास्टिक वितळते.

दोष आतल्या पट्ट्यांचा निघाला, तर सॉकेट बदलण्याला पर्याय नाही. हे काम हॉट एअरवर, म्हणजे गरम हवेच्या झोताने करणाऱ्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे द्यावे. नवे सॉकेट काही रुपयांत मिळते, पैसे पडतात ते मजुरीचे. मात्र कड्याच्या पायांची रचना जुन्यासारखीच हवी, नाहीतर ते बोर्डावर बसत नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत जुने सॉकेट नमुन्यादाखल नेलेले बरे.

दुरुस्ती होईपर्यंत केबल रबरबँडने ताणून चार्ज करणे टाळावे. अर्धवट स्पर्शाच्या जागी समजा 1 ओहम रोध असला आणि 0.5 अँपिअर प्रवाह जात असला, तर त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत पाव वॉट उष्णता सतत तयार होत राहते. पिन हाताला गरम लागणे किंवा जिभेचे प्लास्टिक तपकिरी पडणे ही त्याचीच लक्षणे आहेत. सुटलेल्या सॉकेटच्या बाबतीत या ताणाचे आणखी एक नुकसान होते. पायाखालचा तांब्याचा ठिपका बोर्डावरून उखडतो, आणि मग नुसत्या सोल्डरने भागत नाही. पायापासून कपॅसिटरपर्यंत इनॅमलची बारीक तार ओढावी लागते आणि सॉकेट इपॉक्सीने चिकटवून आधार द्यावा लागतो.