गृहकर्जासाठी वेतन प्रमाणपत्र: बँक त्यात काय वाचते

गृहकर्जाच्या कागदपत्रांच्या यादीत ‘सॅलरी सर्टिफिकेट’ ही एक ओळ असते. माणूस ऑफिसात जातो, अकाउंट्समधल्या ओळखीच्या माणसाला सांगतो, “एक सर्टिफिकेट बनवून द्या ना, बँकेत द्यायचंय.” तोही जुन्या फाइलमधला मसुदा काढतो, नाव बदलतो, रक्कम टाकतो आणि शिक्का मारून देतो. पंधरा दिवसांनी बँकेतून फोन येतो की हे चालणार नाही. मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत बरीच वर्षं पगाराचं काम बघितलं आहे आणि अशी परत आलेली प्रमाणपत्रं पुन्हा करून दिली आहेत. शिक्का नाही म्हणून परत आलेली त्यात थोडी. बहुतेक परत आली ती आकडा दुसऱ्या कागदाशी जुळला नाही म्हणून.

प्रमाणपत्र द्यायचं कोणी, हे आधी बघा. बुटीबोरीत किंवा मिहानमध्ये अनेकजण एका कंपनीच्या गेटातून आत जातात, पण पगार देतो ठेकेदार. प्रमाणपत्र पगार देणाऱ्याचंच लागतं. बँक खात्यात पगार ज्याच्या नावाने जमा होतो, पीएफच्या पासबुकात ज्याचं नाव दिसतं, त्याच्याच लेटरहेडवर ते हवं. ज्यांना पगार नाही तर ‘प्रोफेशनल फी’ मिळते, म्हणजे फॉर्म १६ ऐवजी १६अ मिळतो, त्यांना वेतन प्रमाणपत्र मिळतच नाही. खासगी दवाखान्यांतले बरेच डॉक्टर यात येतात. बँक त्यांना स्वयंरोजगारी धरते आणि त्यांची कागदपत्रं वेगळी असतात. सरकारी नोकरीत प्रमाणपत्रावर आहरण व संवितरण अधिकाऱ्याची सही चालते. पगारपत्रक सेवार्थ या सरकारी वेतन प्रणालीतून, शिक्षकांचं शालार्थमधून निघतं, त्यामुळे तिथे आकड्यांचा घोळ सहसा होत नाही. खासगीत, त्यातही लहान कारखान्यात, तो होतो.

म्हणून तिथलंच एक उदाहरण घेऊ.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये एक सुपरवायझर आहे. नऊ वर्षं कायम नोकरी. बेसा भागात २६ लाखांचा फ्लॅट बघून ठेवला आहे आणि २३ लाख कर्ज हवं आहे. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे त्या बाजूने अडचण नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मात्र वेगळी, ती खिशातून. आता त्याचा पगार बघा: मूळ वेतन २४,०००, घरभाडे भत्ता ९,६००, विशेष भत्ता ८,४००. दर महिन्याला ठरलेले हे झाले ४२,०००. वर ओव्हरटाइम, कधी असतो कधी नसतो. कपातीत पीएफ १,८००, व्यवसाय कर २०० आणि कंपनीतल्या कर्मचारी पतसंस्थेचा हप्ता ३,५००. हातात येतात ३६,५००, अधिक त्या महिन्याचा ओव्हरटाइम.

अकाउंट्सने पहिलं प्रमाणपत्र दिलं त्यात एकच ओळ होती: ‘यांचे मासिक वेतन रु. ४९,००० आहे.’ हे आले कुठून? ४२,००० मध्ये अंदाजे ५,२०० ओव्हरटाइम मिळवला आणि कंपनी स्वतः भरते तो पीएफचा १,८०० रुपयांचा हिस्साही धरला. म्हणजे कंपनीला तो माणूस किती रुपयांना पडतो, हे लिहिलं. बँकेला त्यात रस नाही. तिच्यासमोर सहा महिन्यांचं खातं आहे, त्यात पगाराच्या नोंदी अशा: ४१,२००, ३९,१००, ३६,५००, ४२,७००, ३८,९००, ४०,३००. एकाही महिन्यात ४९,००० नाहीत, आणि फरक कशाने पडला हे सांगणारी ओळ प्रमाणपत्रात नाही. फाइल तिथेच थांबली.

दुसरं प्रमाणपत्र करताना पगाराचे दोन भाग वेगळे दाखवले. वर ठरलेल्या वेतनाचा तपशील, एकेक भत्ता त्याच्या नावाने. खाली ‘गेल्या सहा महिन्यांतील ओव्हरटाइमची सरासरी रु. ३,२८३’ ही स्वतंत्र ओळ. मग कपाती, आणि शेवटी ओव्हरटाइम न धरता निव्वळ वेतन. कंपनीचा पीएफ हिस्सा आणि ग्रॅच्युइटी यांना कुठेच जागा नाही. ज्याच्या मनात शंका असेल त्याने एक करावं: प्रमाणपत्रातलं निव्वळ वेतन आणि त्या महिन्याचा ओव्हरटाइम यांची बेरीज खात्यातल्या नोंदीशी ताडून बघावी. रुपयाला रुपया जुळली पाहिजे. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, म्हणून त्या महिन्यात शंभर रुपये कमी दिसतात. ते बँकवाल्यांना माहीत असतं.)

पतसंस्थेच्या हप्त्यावर मात्र मोठी चर्चा झाली. “साहेब, तेवढी एक ओळ गाळून टाका ना,” असं त्याने म्हणणं साहजिक होतं. कर्मचारी पतसंस्थांची कर्जं बहुतेकदा सिबिलच्या अहवालात येत नाहीत, त्यामुळे वाटतं की बँकेला कळणारच नाही. पण ती कपात पगारपत्रकावर असते आणि बँक तीन ते सहा महिन्यांची पगारपत्रकं मागतेच. प्रमाणपत्रात नाही आणि पगारपत्रकात आहे, असं दिसलं की अधिकाऱ्याला फक्त ३,५०० रुपये दिसत नाहीत, लपवलेलं दिसतं. मग तो पुढचा प्रत्येक कागद संशयाने बघतो.

त्या एका ओळीची किंमत किती ते हिशेबात दिसतं. समजा बँक कपातीनंतरच्या पगाराचा निम्मा भाग हप्त्यांसाठी धरते. हे प्रमाण प्रत्येक बँकेत आणि पगारानुसार बदलतं, इथे फक्त उदाहरणासाठी. पतसंस्थेचा हप्ता बाजूला ठेवला तर ठरलेला निव्वळ पगार ४०,०००. त्याचे निम्मे २०,०००. त्यातून चालू हप्ता ३,५०० वजा, उरले १६,५००. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज मिळेल साधारण १९ लाख, आणि हवे आहेत २३ लाख. ओव्हरटाइमचं काय? काही बँका सरासरीचा अर्धा भाग धरतात, काही अजिबात धरत नाहीत. अर्धा धरला तरी कर्ज जेमतेम लाखभराने वाढतं. पतसंस्थेच्या साडेतीन हजारांमुळे मात्र ते चार लाखांनी घटलं आहे.

पतसंस्थेचे त्याचे आठ हप्ते उरले होते, म्हणजे साधारण २८,०००. दिवाळीचा बोनस आला होता. त्याने तो भरून खातं बंद केलं, पतसंस्थेकडून बेबाकी दाखला घेतला आणि महिनाभर थांबला. पुढच्या पगारपत्रकात ती कपात नव्हती. त्यानंतर घेतलेल्या प्रमाणपत्रात निव्वळ वेतन ४०,००० आलं, हप्त्याची क्षमता २०,००० झाली आणि २३ लाखांचं कर्ज त्यात बसलं. घाई करून आधीच्याच महिन्यात प्रमाणपत्र घेतलं असतं तर बेबाकी दाखला एक सांगतो आणि पगारपत्रक दुसरंच, असं झालं असतं.

आता अर्ज कसा करायचा. तोंडी सांगू नका, अर्धं पान लिहून द्या किंवा ऑफिसच्या ईमेलवर पाठवा. काही बँकांचा स्वतःचा छापील नमुना असतो, तो आधी शाखेतून मागून घ्या आणि सोबत जोडा. नसेल तर अर्जातच काय हवं ते लिहा, म्हणजे मसुदा करणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. मजकूर साधारण असा:

‘मी आपल्या कंपनीत सुपरवायझर पदावर कायम कर्मचारी आहे. गृहकर्जासाठी बँकेत अर्ज करायचा असल्याने मला वेतन प्रमाणपत्र हवे आहे. त्यात माझे पॅननुसार पूर्ण नाव, पद, कर्मचारी क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, नोकरी कायम असल्याचा उल्लेख, निवृत्तीची तारीख, चालू महिन्याचे वेतन भत्तेनिहाय, ओव्हरटाइमची सहा महिन्यांची सरासरी वेगळी, सर्व कपाती आणि निव्वळ वेतन नमूद करावे. प्रमाणपत्र शाखा व्यवस्थापकांच्या नावे असावे, ही विनंती.’

यातल्या दोन गोष्टींकडे लोक दुर्लक्ष करतात. निवृत्तीची तारीख कर्जाची मुदत ठरवते. राज्य सरकारात गट अ ते क साठी निवृत्ती ५८ व्या वर्षी होते, त्यामुळे ४५ वर्षांच्या लिपिकाला साधारणपणे तेरा वर्षांच्या आत कर्ज फेडायचं असतं आणि हप्ता वाढतो. दुसरी, रुजू झाल्याची तारीख. आधी ठेकेदाराकडे आणि नंतर कंपनीच्या पगारावर आलेल्यांच्या बाबतीत अकाउंट्स कधी सगळीच वर्षं धरतं, पीएफचं पासबुक मात्र कंपनीची तारीख नंतरची दाखवतं. पासबुकातली तारीख लिहा आणि आधीचा अनुभव दाखवायचा असेल तर ठेकेदाराचं पत्र वेगळं जोडा. परिविक्षा अजून संपली नसेल तर ‘कायम’ हा शब्द घालायला सांगू नका. नियुक्तीपत्राची प्रत बँकेकडे असते, त्यात ते दिसतं.

सही कोणाची? एचआर, अकाउंट्स प्रमुख किंवा मालक, ज्याला तसा अधिकार आहे त्याची. सहीखाली नाव, पद, शिक्का, कंपनीचा दूरध्वनी आणि कंपनीच्याच नावाचा ईमेल पत्ता हवा. खाली जीमेलचा पत्ता असेल तर बँक चौकशी वाढवते. लहान कारखान्यांत मालकाचा जीमेलच वापरात असतो, तेव्हा जीएसटी नोंदणीची प्रत किंवा उद्यम प्रमाणपत्र सोबत दिलं तर काम होतं. प्रमाणपत्र गेल्यावर बँकेचा किंवा तिच्या एजन्सीचा माणूस फोन करतो, कधी थेट कारखान्यात येतो आणि गेटवर विचारतो, “हा इथेच काम करतो का?” सही करणाऱ्याला आणि टाइम ऑफिसला आधी सांगून ठेवा. गेटवरच्या नव्या गार्डने “नाव ऐकलं नाही बुवा” म्हटल्याने अडकलेली फाइल मी पाहिली आहे.

पगार थोडा वाढवून लिहून मागणारेही भेटतात. फॉर्म १६, आयकराचा २६एएस आणि खातं हे तिन्ही कागद बँकेकडे असतात, त्यामुळे ते टिकत नाही. सही करणारा आणि कर्ज घेणारा दोघेही खोट्या दस्तऐवजाच्या गुन्ह्यात येतात.

काही बँका प्रमाणपत्राबरोबर मालकाचं हमीपत्र मागतात, की कर्मचारी नोकरी सोडून गेला तर आम्ही कळवू, किंवा हप्ता पगारातून कापून पाठवू. हे वेगळं पत्र आहे आणि लहान मालक ते द्यायला सहसा तयार नसतात. नकार आला तर वाद घालू नका, बँकेला सांगून खात्यातून थेट हप्ता जाण्याची व्यवस्था स्वीकारा. ‘हे पत्र कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून दिले असून कंपनीवर कोणतीही जबाबदारी नाही’ ही ओळ प्रमाणपत्राखाली असली तर घाबरू नका, ती नेहमीची आहे.

प्रमाणपत्र फाइल बँकेत द्यायच्या आठवड्यातच घ्या, त्याच महिन्याचं पगारपत्रक हातात आल्यावर. महिन्याहून जुनं झालं की बरेचदा नवीन मागतात, आणि मधल्या काळात पगारवाढ झाली असेल तर जुनी रक्कम पुन्हा कुठेच जुळत नाही.