‘आमचे बँक खाते बदलले आहे’: या ईमेलमागचा इतिहास आणि खात्री करण्याची रीत

“यापुढील सर्व इनव्हॉइसचे पेमेंट कृपया खालील नव्या खात्यावर करावे.” पुरवठादाराच्या लेटरहेडवर अशी ओळ आली, तर लातूरच्या दाल मिलवाल्याला किंवा वाळूजच्या छोट्या वर्कशॉपवाल्याला त्यात वावगे काही दिसत नाही. दिसेल कसे? अशी खरी पत्रे त्यांना गेली काही वर्षे येतच आहेत. १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली. निजामाच्या राज्यात १९४१ साली सुरू झालेली ही बँक म्हणजे मराठवाड्यातल्या कितीतरी आडत दुकानांची जुनी बँक. विलीनीकरणानंतर `SBHY` ने सुरू होणारे आयएफएससी कोड जाऊन `SBIN` वाले आले आणि प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांना तसे कळवले. पुढे २०१९ मध्ये देना आणि विजया बँक बडोद्यात गेल्या, २०२० मध्ये दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, आणि १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक व विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. दर वेळी बिलांवरचा बँकेचा तपशील बदलला. बहुतेकदा बदल फक्त कोडचा होता, काही बँकांत खाते क्रमांकही बदलले.

सवय अशी पडली, आणि तिचाच फायदा घेऊन भामटे पुरवठादाराच्या नावाने अशी खोटी पत्रे पाठवतात. पण फसवणुकीला खरी वाट मोकळी झाली ती त्याआधी, पैसे पाठवताना नावाची तपासणी गळून पडली तेव्हा.

हुंडीच्या काळात शाहजोग हुंडीचे पैसे कुणाही येणाऱ्याच्या हातात पडत नसत. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या ‘शाहा’लाच ते मिळत, आणि देणारा सावकार आधी माणसाची चौकशी करी. चेक आला तेव्हा चौकशीचे काम बँकेकडे गेले. दोन तिरप्या रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहिले, की चेकवर ज्याचे नाव त्याच्याच खात्यात तो जमा करण्याची काळजी समोरच्या बँकेने घ्यायची. क्लिअरिंगला वेळ लागे म्हणून सगळे कुरकुरत, पण नाव आणि खाते जुळते का हे निदान कुणीतरी बघत होते.

आरटीजीएस २००४ मध्ये आणि एनईएफटी २००५ मध्ये सुरू झाले. व्यवहार इतके वाढले, की प्रत्येक नोंदीवर माणूस बसवून नाव जुळवणे जमेना. ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून स्पष्टच केले, की पैसे फक्त खाते क्रमांक पाहून जमा होतील. नाव भरणे सक्तीचे राहिले, पण जमा करताना भिस्त क्रमांकावर, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणजे नेटबँकिंगमध्ये तुम्ही पुरवठादाराचे नाव अगदी शुद्ध लिहिले आणि क्रमांक भलत्याचा टाकला, तरी पैसे त्या भलत्याकडे बिनबोभाट जात. आपल्याकडच्या अनेक व्यापाऱ्यांना हे आजही खरे वाटत नाही. “नाव तर बरोबर टाकलं होतं ना,” हे वाक्य बँकेच्या काउंटरवर हमखास ऐकू येते.

याच खाचेत शिरण्याचा धंदा जगभर सुरू झाला. सगळ्यात गाजलेला प्रकार लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कस याचा. गुगल आणि फेसबुक तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या कंपनीकडून माल घेत. याने लात्वियात त्याच नावाची कंपनी नोंदवली, तिच्या नावाने बँक खाती उघडली आणि खोट्या ईमेल, बिले व करारपत्रे पाठवून २०१३ ते २०१५ या काळात दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम वळवून घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. यातली ध्यानात घेण्याची गोष्ट म्हणजे खात्यावरचे नाव खोटे नव्हतेच. नाव तेच, कंपनी निराळी.

आता आपल्याकडचा नमुना घेऊ. काल्पनिक आहे, पण घडते ते याच धर्तीवर. लातूरची एक दाल मिल छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यातून छापील पाऊच घेते. बिल ३,८६,००० रुपयांचे. ते ईमेलने आले, तूरडाळीच्या पाऊचचा दर आणि मायक्रॉन यावर चार मेल झाले, आणि तिसऱ्या दिवशी त्याच मेलच्या साखळीत उत्तर आले: “ऑडिट सुरू असल्याने जुने खाते तात्पुरते बंद आहे. सुधारित इनव्हॉइस सोबत जोडले आहे.” बिल नंबर तोच, मालाचा तपशील तोच, जीएसटी नंबर तोच, शिक्कासुद्धा तोच. बदलला आहे फक्त तळाचा बँकेचा चौकोन.

हे जमते कसे? कारखान्यातल्या कुणीतरी कधीतरी बनावट लॉगिन पानावर ईमेलचा पासवर्ड टाकलेला असतो. चोर लगेच काही करत नाही. तो मेलबॉक्समध्ये फॉरवर्डचा नियम लावून ठेवतो, महिनाभर पत्रव्यवहार वाचतो आणि मोठे बिल निघण्याची वाट बघतो. मग एक तर जवळपास तसाच पत्ता घेऊन लिहितो (`m` च्या जागी `r` आणि `n` शेजारी ठेवले, की मोबाइलवर फरक कळत नाही), नाहीतर थेट खऱ्याच पत्त्यावरून पाठवतो. म्हणून ‘पत्ता नीट वाचा’ हा नेहमीचा सल्ला अर्धाच कामाचा. पत्ता चुकीचा निघाला तर फसवणूक पकडली जाते. बरोबर निघाला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

ई-इनव्हॉइसच्या क्यूआर कोडचेही तेच. सरकारी अ‍ॅपने स्कॅन केला की तो खरा निघतो, आणि अकाउंटंट निर्धास्त होतो. पण त्या कोडमध्ये दोन्ही बाजूंचे जीएसटी नंबर, बिल क्रमांक, तारीख, रक्कम, मालाच्या ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन कोड आणि आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, एवढेच असते. बँक खाते नसते. तेव्हा खरे बिल घेऊन तळाचे खाते बदलले, तरी कोड खराच राहतो.

खात्री करण्याचा कणा म्हणजे फोन, पण तो कुठल्या नंबरवर करायचा हे महत्त्वाचे. आलेल्या मेलमध्ये किंवा सुधारित बिलावर छापलेला नंबर वापरायचा नाही, कारण तोही बदललेला असू शकतो. सहा महिन्यांपूर्वीचे बिल काढा, किंवा मालाच्या गाडीबरोबर आलेल्या जुन्या चलनावरचा नंबर घ्या. समोरून फोन आला तर तो खात्रीत धरू नका, “मीच करतो” म्हणून ठेवून द्या. आणि बोलताना नवा क्रमांक आपण वाचून दाखवू नका. घाईतला माणूस “हो, हो, तोच” म्हणून मोकळा होतो. त्यालाच सांगू द्या.

“भाऊ, खातं बदललं म्हणं तुमचं?”

“कोण म्हणलं? आमचं जुनंच हाय की.”

नमुन्यातल्या मिलचे ३,८६,००० रुपये या दोन वाक्यांत वाचतात. त्या कारखान्याला आपला मेलबॉक्स फुटल्याचे कळते ते वेगळेच. त्याने पासवर्ड बदलून फॉरवर्डचा नियम काढेपर्यंत त्याच्याशी बिलाचे सगळे बोलणे फोनवरच ठेवावे.

समजा पुरवठादार म्हणाला, की हो, बदललेय. मग दुसरी चाळणी नावाची. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितले, की १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय द्या. क्रमांक आणि आयएफएससी टाकला, की त्या खात्यावरचे नाव पैसे पाठवण्याआधी दिसते. याला पैसे पडत नाहीत आणि शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यालाही ही सोय आहे. पंधरा वर्षांनी नाव परत आले म्हणायचे.

दिसलेले नाव मेलशी जुळवू नका, जीएसटी पोर्टलवरच्या नोंदणीशी जुळवा. पुरवठादाराचा जीएसटी नंबर तिथे टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव, दोन्ही दिसतात. प्रोप्रायटरी धंद्यात खाते मालकाच्या नावावर असू शकते, आणि ते कायदेशीर नावाशी जुळायला हवे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे पैसे कुणा व्यक्तीच्या बचत खात्यावर मागितले, तर तिथेच थांबा. पण नाव तंतोतंत जुळले म्हणून फोन टाळू नका. रिमासाउस्कसच्या खात्यावर नाव जुळलेच असते. मिळत्याजुळत्या नावाची फर्म उभी करून चालू खाते काढणे इथेही अशक्य नाही. क्रॉस केलेला कॅन्सल्ड चेक मागण्याची पद्धत आहे, तो मागावा, पण स्कॅन केलेल्या चेकवर नाव बदलायला दहा मिनिटे पुरतात हे जाणून.

तिसरी पायरी मला स्वतःला सगळ्यात आवडते, कारण ती स्वस्त आणि पक्की आहे. नव्या खात्यावर आधी विचित्र रक्कम पाठवा, म्हणजे ११७ रुपये किंवा ४३ रुपये. मेलवर काही कळवू नका. जुन्या नंबरवर फोन करून विचारा, की आज किती आले? पुरवठादाराने आकडा बरोबर सांगितला तर खाते त्याच्या ताब्यात आहे. एक रुपया पाठवून “पोचला का” विचारणारे बरेच असतात. त्यात उत्तर अंदाजानेही देता येते.

हे सगळे होईपर्यंत टॅलीतल्या लेजरमधला बँक तपशील जुनाच ठेवा. बदल करायचा तो मालकाने, कोणाशी, कधी, कुठल्या नंबरवर बोलणे झाले ते नोंदवून. नेटबँकिंगमध्ये एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे अशी सोय असेल तर ती चालू करून घ्या. घाईचा सगळ्यात वाईट काळ मार्चअखेर. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, आणि ३१ मार्चपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. त्यामुळे ३१ तारखेच्या संध्याकाळी अकाउंटंट दिसेल त्या खात्यावर आरटीजीएस करून मोकळा व्हायला बघतो. अशा वेळी खात्री होत नसेल तर बिल ज्या जुन्या खात्यावर आजवर भागवले, त्यावरच भागवा. ते खाते खरेच बंद असेल तर पैसे परत येतील.

पैसे गेलेच, तर त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हातात घेऊन आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग आपल्या बँकेला, आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार. एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये जाते आणि आरटीजीएस तत्काळ, तेही आता चोवीस तास. पलीकडून रक्कम काही मिनिटांत तुकडे होऊन पुढच्या खात्यांत सरकते. जी अजून तिथेच पडून असेल तीच गोठवता येते. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक इथे फारसे कामाला येत नाही, कारण ते ग्राहकाने मंजुरी न दिलेल्या व्यवहारांसाठी आहे आणि हे पैसे तुम्ही स्वतः ओटीपी टाकून पाठवलेले असतात. पुरवठादाराच्या वहीत तुमचे बिल येणेच राहते. मेलबॉक्स त्याचा फुटला होता हे दाखवता आले, तर नुकसान वाटून घेण्याची बोलणी करता येतात, आणि त्यासाठी मूळ मेल हेडरसकट जपून ठेवावी लागते. फॉरवर्ड केलेली प्रत किंवा स्क्रीनशॉट पुरत नाही.