गुरूचा मृत्यू (कथातंत्र)

नायकाला शिकवणारे, वाट दाखवणारे पात्र कथा संपण्याच्या बरेच आधी मरते, ही साहसकथांतील जुनी योजना आहे. तिच्या मुळाशी बहुधा कथानकाची एक अडचण असते. नायकाहून जाणता आणि समर्थ माणूस शेजारी उभा असताना शेवटची झुंज नायकानेच का द्यावी, याला पटणारे उत्तर सापडत नाही. गुरू फार लवकर गेला तर नायक काही शिकलेला नसतो. अगदी शेवटी गेला तर त्याच्या नसण्याने काय बदलले ते दाखवायला जागा उरत नाही. म्हणून हा मृत्यू कथेच्या मध्यावर येतो.

जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) ही अडचण स्पष्ट दिसते. मूळ पटकथेत वृद्ध गुरू ओबी-वान शत्रूच्या तळावरून जिवंत सुटत होता. मात्र पुढे त्याला करण्यासारखे काही उरत नव्हते, आणि सगळेच सुखरूप निसटल्याने खलनायक डार्थ व्हेडरचा धाकही ओसरत होता. चित्रीकरण सुरू झाल्यावर लुकास यांनी ओबी-वानला मारायचे ठरवले. भूमिका करणारे अ‍ॅलेक गिनेस त्यावर सुरुवातीला नाराज होते. दोन तासांच्या चित्रपटात हा मृत्यू साधारण दीड तासावर येतो, म्हणजे ‘मध्य’ हा शब्द सैलपणेच घ्यायचा.

व्हेडरशी द्वंद्व चालू असताना ओबी-वान नायक ल्यूककडे एकदा पाहतो, तलवार उभी धरतो आणि वार होऊ देतो. ल्यूकचे शिक्षण अर्धवटच राहते. अंतराळयानात डोळे झाकून तलवार चालवण्याचा एक सराव, एवढीच त्याची शिदोरी. शत्रूच्या तळावरील शेवटच्या हल्ल्यात तो नेम धरून देणारे यंत्र बंद करतो, तेव्हा हाच सराव कामी येतो. त्या क्षणी गुरूचा आवाज ऐकू येतो खरा, पण आवाज नेम धरू शकत नाही. यंत्र बंद करण्याची जोखीम ल्यूकचीच. गुरू स्वतःच्या तळावर बसून सूचना देत असता तर ती आज्ञापालनात जमा झाली असती.

योजना फसली आहे का, हे ओळखायला मृत्यूचा प्रसंग काढून पाहावा. त्यानंतरचे नायकाचे निर्णय तसेच राहत असतील, तर तो मृत्यू नुसता अश्रूंसाठी होता. सूडाच्या कथांत हे फार घडते : नायकाला फक्त राग मिळतो, जबाबदारी मिळत नाही.

मेलेला गुरू परत आणला की सगळे वाया जाते, असे मात्र नाही. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गुरू गॅन्डाल्फ मोरियाच्या खाणीत कोसळतो आणि पुढे परततो, पण तो लढतो दुसऱ्याच आघाडीवर. दरम्यान नायक फ्रोडोने घातक अंगठी नष्ट करायला एकट्याने निघायचे ठरवलेले असते. गॅन्डाल्फ जिवंत आहे हे त्याला कळते ते अंगठी नष्ट झाल्यावरच.