मुलाखतीत उत्तर मध्येच तोडले जाते तेव्हा

जर्मनीतील ट्रिअर येथील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रयोगशाळेत माणसाला ताण देण्याची एक पद्धत मांडली. तिच्या केंद्रस्थानी नोकरीची मुलाखतच आहे. परीक्षकांपुढे पाच मिनिटे स्वतःविषयी बोलायचे, नंतर पाच मिनिटे तोंडी वजाबाकी करायची, आणि परीक्षकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. एवढ्यानेच बहुतेकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे संप्रेरक लक्षणीय वाढते. मात्र त्याची पातळी शिखर गाठते ती हे सारे संपल्यावर काही मिनिटांनी. ऐन प्रश्नाच्या क्षणी छातीत होणारी धडधड ॲड्रेनलिन आणि चेतासंस्थेची असते, आणि माझ्या मते उत्तराचा खरा घात तीही करत नाही. तो होतो कार्यरत स्मृतीत.

ही स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवते. बोलताना मूळ प्रश्न कोणता होता, आपण कुठवर आलो आणि काय उरले आहे, हे सारे तिच्यावरच असते. ताणामुळे ती आधीच आखडलेली असते, आणि मध्येच आलेला प्रश्न उरलेल्या मुद्द्याला बाहेर ढकलतो.

समजा, एका उमेदवार अभियंत्याला विचारले, ‘प्रकल्पाला उशीर का झाला?’ ती म्हणते, ‘दोन कारणे होती. पहिले, सुटे भाग सहा आठवडे उशिरा आले...’ तोच परीक्षक तोडतात, ‘म्हणजे दोष पुरवठादाराचा! तुमचे नियोजन कच्चे नव्हते का?’ इथे ‘नाही, तसे नाही’ असे म्हणत आवाज चढला आणि पहिलेच वाक्य पुन्हा आले, तर धागा सुटला असे समजावे. त्याऐवजी ती आधी मनात ‘दुसरे, चाचणी’ एवढेच म्हणते, सावकाश श्वास सोडते आणि मग बोलते: ‘पर्यायी पुरवठादार आधीच ठरवायला हवा होता, ती माझी चूक. दुसरे कारण चाचणीचे होते, ते सांगते.’

नव्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी पुढचा टप्पा मनात नोंदवला, तर मूळ कामाकडे परतणे सोपे जाते, हे व्यत्ययांवरील प्रयोगांत आढळले आहे. सुरुवातीला उच्चारलेला ‘दोन’ हा आकडाही खुंटीसारखा उपयोगी पडतो, कारण राहिलेल्या कारणाची आठवण तो परीक्षकांनाही देतो. श्वास सोडताना व्हेगस चेतेच्या प्रभावाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून भर श्वास घेण्यावर नव्हे, सोडण्यावर द्यावा. संभाषणात एकाचे संपल्यावर दुसरा सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकेच अंतर असते. त्यामुळे दोन सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला फार लांबल्यासारखी वाटते आणि घाईने काहीही बोलून ती भरून काढण्याचा मोह होतो.

एकाच उत्तरात तिसऱ्यांदा तोडले गेले, तर मात्र धागा धरून ठेवण्याचा हट्ट सोडावा आणि सरळ विचारावे: ‘आधी यातले कोणते पूर्ण करू?’